एक विधी, एक शब्द : देवळाच्या दोनभाषी माहितीपत्रकातील पूजाविषयक संज्ञा

सीमाभागातील देवळांत मराठी आणि कन्नड या दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच उंबऱ्यावरून आत येतात. देव एक, पुजारी एक, घंटाही एकच. बोलणारे मात्र दोन. या दोन्ही भाषांनी पूजेचे पुष्कळसे शब्द संस्कृतातून घेतले आहेत. पूजा, अभिषेक, नैवेद्य, तीर्थ, प्रसाद, सेवा हे शब्द दोन्हीकडे सारख्याच आदराने उच्चारले जातात. त्यामुळे देवळाचे माहितीपत्रक दोन भाषांत काढायचे ठरले, की व्यवस्थापक मंडळींचा असा समज होतो, की येथे भाषांतराची गरजच नाही. लिपी बदलली की काम झाले. आमचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. ज्या शब्दांचा उच्चार दोन भाषांत भिन्न असतो, ते शब्द वाचकाला फसवीत नाहीत. फसवितात ते सारखे दिसणारे शब्द.

बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यातल्या देवीच्या देवळासाठी असे एक माहितीपत्रक सिद्ध करण्याचे काम आम्हां चौघांकडे आले होते. डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर कन्नड, अशी आठ पानांची घडी होती. शहरातील एका छापखान्यातून करवून घेतलेला पहिला मसुदा तयारच होता. तो तपासून द्यावा, एवढीच अपेक्षा होती. आमच्यात एक निवृत्त कन्नड शिक्षक होते, देवीचे गुरव होते, देवळाबाहेर ओटीचे साहित्य विकणाऱ्या एक बाई होत्या, आणि मराठी मजकुराची बाजू आमच्याकडे होती. मसुदा वाचल्यावर पहिल्याच बैठकीत सर्वांच्या ध्यानी आले, की व्याकरण शुद्ध असूनही हे पत्रक हातात घेऊन आलेला भाविक चुकीच्या वेळी, चुकीच्या दारात आणि चुकीची वस्तू घेऊन उभा राहील.

‘भंडारा’ या एकाच शब्दाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मसुद्याच्या मराठी पानावर जत्रेच्या दिवसाच्या कार्यक्रमात ‘दुपारी १२ वाजता भंडारा’ असे छापले होते. आमच्या भागात देवीचा भंडारा म्हणजे हळदीची पूड. खंडोबाच्या, यल्लम्माच्या, मायाक्काच्या भक्ताला हे सांगावे लागत नाही. कन्नड बोलणारा भाविकही तिला ‘भंडार’च म्हणतो. दुपारी बारा वाजता पालखीवर ही पूड उधळली जाते. परंतु याच शब्दाचा दुसरा अर्थ मराठीत तितकाच रूढ आहे : सर्वांसाठी घातलेले जेवण. इंदूर किंवा ग्वाल्हेरकडील मराठी माणसाच्या भोवतालची हिंदी या दुसऱ्या अर्थालाच पुष्टी देत असल्याने त्याच्या मनात प्रथम पंगतच उभी राहते. तो बारा वाजता जेवणाच्या मांडवाकडे जाईल आणि पालखी चुकवील; आणि जो गावचा आहे तो पालखीकडे जाईल. दोघेही मराठीच वाचत आहेत, आणि दोघांचेही वाचन बरोबर आहे. चूक शब्दाची नाही. तो कोणत्या अर्थाने वापरला हे कोठेही न सांगण्याची आहे.

त्याच मसुद्यात जेवणासाठी मात्र आणखी तीन शब्द आले होते. एका पानावर ‘महाप्रसाद’, दुसऱ्यावर ‘प्रसाद भोजन’ आणि देणग्यांच्या यादीत ‘अन्नदान’. समोरच्या कन्नड पानावर एकदा ‘दासोह’, एकदा ‘अन्नसंतर्पणे’ आणि एकदा नुसतेच ‘प्रसाद’. मसुदा लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. एकच शब्द पुनःपुन्हा येऊ नये, त्याने लेखन कंटाळवाणे होते, असे आपल्याला शाळेतच निबंध लिहिताना शिकविलेले असते. निबंधात तो गुण ठरतो. माहितीपत्रकात मात्र नवा शब्द दिसला, की वाचक नवी वस्तू शोधू लागतो. महाप्रसाद, प्रसाद भोजन आणि अन्नदान असे तीन शब्द वाचणारा परगावचा भाविक येथे तीन वेगळे प्रकार आहेत, असेच मानील. आणि तसे मानणे शहाणपणाचेच आहे.

म्हणून आम्ही शब्दांपासून आरंभ न करता कृतींपासून केला. एक मोठा कागद घेऊन प्रत्येक कृतीसाठी एक ओळ आखली आणि त्या ओळीत पाच गोष्टी लिहिल्या : काय केले जाते, कोण करतो, कोठे, केव्हा, आणि त्यासाठी पैसे कोठे भरावे लागतात. शब्दांचा रकाना मुद्दाम शेवटी व रिकामा ठेवला. गुरवांनी वर्षभरातील विधी क्रमाने सांगितले. बाईंनी भाविक दुकानासमोर उभे राहून कोणत्या शब्दांत वस्तू मागतात, ते सांगितले. शिक्षकांनी देवळातील फलक, पावतीपुस्तक आणि ध्वनिक्षेपकावरून होणाऱ्या घोषणा यांतील शब्द उतरवून घेतले. मसुद्यात पूजाविषयक ३७ संज्ञा होत्या. कागदावर प्रत्यक्ष कृती भरल्या २२.

परंतु जेथे दोन शब्द दिसतात तेथे सरसकट एक करून टाकावा, असेही नव्हे. ‘महाप्रसाद’ आणि ‘प्रसाद भोजन’ ही एकाच पंगतीची दोन नावे होती. ती एका ओळीत आली आणि ‘महाप्रसाद’ राहिला. ‘अन्नदान’ ही मात्र वेगळी कृती निघाली. महाप्रसाद भाविक ग्रहण करतो. अन्नदान दाता करतो, कार्यालयात पैसे भरून आणि पावती घेऊन. म्हणून त्याची ओळ स्वतंत्र राहिली. ‘भंडारा’ हा शब्द केवळ हळदीसाठी ठेवला, आणि कार्यक्रमात ‘पालखीवर भंडारा (हळद) उधळणे’ असे पूर्ण लिहिले. कन्नड पानावर जेवणासाठी ‘दासोह’ ठरला, कारण जेवणघराच्या दारावर तोच शब्द रंगविलेला आहे. ‘अन्नसंतर्पणे’ हा शब्द अशुद्ध नव्हता. परंतु पत्रकात वाचलेला शब्द भिंतीवर सापडला नाही, तर वाचकाला त्याचा उपयोग काय? याच कारणाने मराठी पानावरही ‘महाप्रसाद : दासोह भवनात’ असे लिहिले. इमारतीचे नाव हे नाव आहे. त्याचे भाषांतर केले तर भाविक ती इमारत शोधीत बसेल.

‘प्रसाद’ या शब्दाने आम्हांला सर्वांत अधिक वेळ खर्चावयास लावला. मराठीत नुसता प्रसाद म्हणजे तळहातावर मिळणारा खडीसाखरेचा, खोबऱ्याचा किंवा शिऱ्याचा अंश. उत्तर कर्नाटकातील कन्नडमध्ये, विशेषतः मठांच्या परंपरेत, प्रसाद म्हणजे पोटभर जेवणही होते; विद्यार्थ्यांच्या मोफत जेवणाच्या वसतिगृहांना ‘प्रसाद निलय’ म्हणतात ते यामुळेच. आणि गोव्यातील भाविकासाठी याला तिसरा अर्थ आहे. तेथे देवाला प्रसाद लावणे म्हणजे मूर्तीवर फुलांच्या पाकळ्या चिकटवून कौल मागणे. कोणती पाकळी प्रथम पडते, त्यावरून देवाचे उत्तर ठरते. आमच्या जत्रेला गोव्याकडून येणारी काही कुटुंबे आहेत. ‘प्रसादासाठी गुरवांना भेटावे’ हे मसुद्यातील वाक्य त्यांनी कौलाची सोय म्हणून वाचले असते, आणि गुरव त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवून मोकळे झाले असते. आम्ही तीन शब्द तीन जागी बांधून टाकले : देवीपुढे ठेवला जातो तो ‘नैवेद्य’, हातावर दिला जातो तो ‘प्रसाद’, पंगतीत वाढला जातो तो ‘महाप्रसाद’. या देवळात कौलाची प्रथा नाही, हेही एका ओळीत स्पष्ट लिहिले. नसलेल्या विधीची नोंद करणे विचित्र वाटेल. परंतु त्या एका ओळीने दूरच्या लोकांची फेरी वाचते.

‘सेवा’ हा शब्दही असाच. कन्नड देवळांतील ‘सेवे’ म्हणजे ठरावीक रक्कम भरून आपल्या नावाने करविलेली पूजा. तिची यादी फलकावर असते आणि तिची पावती मिळते. मराठी कानाला मात्र ‘सेवा’ म्हटले, की झाडलोट, पाणी वाढणे, पालखीला खांदा देणे असे हाताचे काम आठवते. मसुद्यात मराठी पानावर ‘सेवा करू इच्छिणाऱ्यांनी कार्यालयात रु. १०१ भरावेत’ असे वाक्य होते. स्वयंसेवक होण्यासाठी पैसे मोजावे लागतात, असा त्याचा अर्थ कोणी केला, तर त्याला हसता येणार नाही. मराठीत आम्ही ‘पूजाविधी’ हा शब्द योजला आणि वाक्य ‘आपल्या नावाने पूजाविधी करवून घेण्यासाठी’ असे फिरविले. परंतु पावतीपुस्तकावर ‘सेवा पावती’ असेच छापलेले आहे आणि ते पुस्तक बदलणे आमच्या हाती नव्हते. म्हणून यादीच्या माथ्यावर एकदाच लिहिले : ‘पूजाविधी (पावतीवर यांस सेवा म्हटले आहे)’. असा खुलासा पहिल्या उल्लेखाच्या वेळी एकदा करावा. प्रत्येक ओळीत कंस घातले, की वाचक शब्द सोडून कंसच वाचू लागतो.

पैशांच्या शब्दांनाही हीच शिस्त लावावी लागली. दक्षिणा, देणगी, शुल्क आणि काणिके असे चार शब्द मसुद्यात मुक्तपणे फिरत होते, आणि एकाच अभिषेकासाठी चार ठिकाणी पैसे द्यावे लागतात की काय, अशी शंका येत होती. विधीची ठरलेली रक्कम ते ‘शुल्क’, स्वेच्छेने देवस्थानास दिलेली रक्कम ती ‘देणगी’, गुरवांना स्वेच्छेने दिलेली ती ‘दक्षिणा’, असा निर्णय झाला. कन्नडमधील ‘हुंडी’ लिपी बदलून मराठी पानावर तशीच आली होती. मराठीत हुंडी म्हणजे सावकारी व्यवहारातील कागद. तेथे ‘दानपेटी’ झाली.

उच्चार सारखा असलेल्या शब्दांनी कधीकधी हसूही येते. ओटी भरणे याला आमच्या भागातील कन्नडमध्ये ‘उडि तुंबुवुदु’ म्हणतात. कल्पना एकच, पदर एकच, खण-नारळही तेच. परंतु मसुद्यात हा शब्द अर्धाच ओलांडून आला होता आणि मराठी पानावर ‘उडी भरण्याची वेळ : सकाळी ७ ते ११’ असे छापले गेले होते. यावर बैठकीत बराच वेळ हशा चालला. दुकानवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचे बोट पुढच्या वाक्यावर होते.

ते वाक्य असे होते : ‘सुवासिनींनी देवीची ओटी भरावी.’ समोरच्या कन्नड पानावर त्याच जागी ‘महिळेयरु’ हा शब्द होता, म्हणजे स्त्रिया. कन्नडमध्ये सुवासिनीसाठी ‘मुत्तैदे’ हा नेमका शब्द आहे. तो तेथे नव्हता. म्हणजे एकाच देवळात, एकाच दिवशी, कन्नड वाचणाऱ्या विधवेला ओटी भरण्याची मुभा होती आणि मराठी वाचणाऱ्या विधवेला नव्हती. बाई म्हणाल्या, “गेल्या वर्षी फलकावर हेच लिहिलं होतं. माझ्याकडून नारळ-खण घेतलेली एक म्हातारी तो वाचून परत आली आणि म्हणाली, बाई, हे परत घे, आमचं आता चालत नाही.” गुरवांना विचारले. ते म्हणाले, “आम्ही कधी कोणाला अडवलं नाही. देवीपुढं कुणाचं कपाळ बघायचं?”

नियम नव्हता, शब्दाने तो निर्माण केला होता. लिहिणाऱ्याच्या मनात बहिष्काराचा हेतू असेल, असे आम्हांला वाटत नाही. ओटी म्हटले, की पुढे सुवासिनी हा शब्द मराठीत सवयीने येतो, तसा तो आला. परंतु छापलेला शब्द सवय म्हणून वाचला जात नाही. तो आज्ञा म्हणून वाचला जातो. आम्ही तेथे ‘कोणत्याही स्त्रीस देवीची ओटी भरता येते’ असे लिहिले आणि कन्नड पानावरही ‘सर्व’ हा शब्द वाढविला, म्हणजे दोन्ही पाने एकमेकांच्या बरोबरीने बोलू लागली. त्या दिवसापासून आमच्या कागदावर सहावा रकाना आला : हे कोणाला करता येते? दोन भाषांची पाने जुळवून पाहताना हा प्रश्न विधीच्या नावाइतकाच नेमाने विचारला पाहिजे. शब्दांतील फरक पुष्कळदा डोळ्यांना दिसतो. माणसांतील फरक नजरेतून सुटतो.

कालगणनेत अडचण कमी आली. मराठी आणि कन्नड पंचांगांत महिना अमावास्येलाच संपतो. त्यामुळे तिथी जुळतात. नावे तेवढी जुळवावी लागतात. कन्नड ‘पुष्य मास’ म्हणजे आपला पौष. मराठीत नुसता पुष्य लिहिला, तर वाचक नक्षत्र समजेल. पौर्णिमांना कन्नडमध्ये लोकप्रिय नावे आहेत : मार्गशीर्षातील ‘होस्तिल हुण्णिमे’, पौषातील ‘बनद हुण्णिमे’, माघातील ‘भारत हुण्णिमे’. सौंदत्तीच्या डोंगरावर जाणाऱ्या कोल्हापूरकडील भक्तांच्याही कानांवर ही नावे असतात. पण त्यांवरून महिना सांगता येईलच असे नाही. आम्ही मराठी पानावर ‘पौष पौर्णिमा (शाकंभरी)’ असे लिहिले, कन्नड पानावर लोकांचे नाव ठेवले, आणि दोन्हीकडे त्या वर्षाची इंग्रजी तारीख एकाच जागी, एकाच क्रमाने छापली.

शब्द ठरल्यावर ते खरोखरच टिकतात का, याची परीक्षा दोन रीतींनी केली. पहिली रीत उलट भाषांतराची. आमचे शेवटचे मराठी पान शिक्षकांनी आपल्या एका परिचितास दिले. त्यांनी मूळ कन्नड न पाहता ते पुन्हा कन्नडमध्ये नेले. ‘लोटांगण’ या शब्दाचे तेथे ‘उरुळु सेवे’ झाले, म्हणजे जमिनीवर आडवे गडगडत जाणे. या देवळातील प्रथा वेगळी आहे. ओढ्यावर स्नान करून ओल्या वस्त्रानिशी यायचे, जमिनीवर पालथे पडून नमस्कार घालायचा, उठून हात पोहोचले तेथपर्यंत जायचे आणि पुन्हा नमस्कार घालायचा; कन्नडमध्ये हा ‘दीर्घदंड नमस्कार’, आणि बोलण्यात ‘दीड नमस्कार’. मराठीत लोटांगण हा शब्द दोन्ही प्रकारांना चालतो, आणि म्हणूनच येथे चालला नाही. ‘दंडवत घालत येणे’ असे लिहिले आणि त्याची रीत एका वाक्यात दिली. ‘दीड नमस्कार’ तसाच ठेवता आला असता. पण मराठी वाचकाने उरलेला अर्धा कोणता, असे विचारले असते.

दुसरी रीत अनोळखी वाचकाची. मराठी पान तिघांना वाचावयास दिले : एक खानापूरकडील, एक गोव्यातील, एक इंदूरमधील. ‘समजले का?’ असे विचारले नाही, कारण या प्रश्नाला सर्वजण हो म्हणतात. विचारले ते असे : जत्रेच्या दिवशी तुम्ही किती वाजता कोठे उभे राहाल, हातात काय असेल, पैसे कोणाला द्याल? इंदूरच्या बाईंनी ‘रात्री ८ वाजता मंगलारती’ येथे अडखळून विचारले, की मंगलारती तर पहाटेची असते ना? उत्तरेकडील देवळांत मंगला आरती म्हणजे पहिली आरती. कन्नडमध्ये ‘मंगळारती’ हा कोणत्याही आरतीचा सामान्य शब्द. आम्ही मराठी पानावर ‘काकड आरती’, ‘दुपारची आरती’ आणि ‘रात्रीची आरती’ असे केले. गोव्याच्या वाचकाला आणि खानापूरच्या वाचकाला तेथे काहीच खटकले नव्हते. तिघेही एकाच ठिकाणी, एकाच वेळी उभे राहिले, तेव्हा ते पान पुरे झाले.

शेवटी २२ ओळींना १ ते २२ असे क्रमांक दिले आणि दोन्ही पानांवर तेच क्रमांक, त्याच क्रमाने छापले. मराठी वर्णक्रमाने आणि कन्नड वर्णक्रमाने दोन वेगळ्या याद्या लावाव्यात, अशी एक सूचना होती. ती आम्ही नाकारली. खिडकीपाशी उभा असलेला भाविक मराठी वाचतो आणि आतला लेखनिक कन्नड वाचतो. शब्द अडला, तरी ‘नऊ नंबर’ म्हटले, की दोघांचे बोट एकाच ओळीवर येते.

ही यादी त्या एका देवळाची आहे. गोव्यात ‘प्रसाद’ वेगळा बांधावा लागेल, हैदराबादेत शेजारी तेलुगू असेल, बडोद्यात गुजराती. तेथील कृती वेगळ्या, म्हणून ओळीही वेगळ्या. तयार शब्दकोश उचलून हे काम होणार नाही. कागद मात्र तोच चालेल : सहा रकाने आधी, शब्द शेवटी. आणि पत्रक छापून झाल्यावर तो कागद फेकून देऊ नये. आमचा कागद कार्यालयाच्या खिडकीच्या आतल्या बाजूस चिकटविलेला आहे, कारण पुढच्या वर्षी फलक रंगविणारा, घोषणा करणारा आणि नवे पावतीपुस्तक छापणारा, हे सारे शब्द विचारण्यास तेथेच येणार आहेत.